'जरा बघ' म्हणण्याआधी

आजचा विषय थेट ऑफिसातला. ज्युनियरला काम देताना आपण नेमकं काय देतो?

एक उदाहरण घेऊ. आमच्या अ‍ॅपमध्ये जुन्या ऑर्डर दाखवणारं पान उघडायला आठ सेकंद लागत होते. हे काम द्यायचं होतं कॉलेजमधून येऊन पाच महिने झालेल्या एका मुलीला. "ते पान स्लो आहे, जरा बघ" एवढंही सांगता आलं असतं. पण मग तिने पानाचं डिझाइन बदलावं, कॅश लावावा की डेटाबेस तपासावा? आठाचे पाच सेकंद झाले तर चालेल का? उत्तरं माझ्या डोक्यात, आणि ती शोधण्यात दिवस जाणार तिचा.

म्हणून आधी तिला विचारलं, "हातात काय आहे?" एक बग गुरुवारी द्यायचा होता. तो सोमवारी दिला तरी चालेल, हे मॅनेजरशी मी बोललो. दोन्ही कामं तिच्या माथी मारून "तूच ठरव" म्हणणं सोपं असतं, पण मॅनेजरला नाही म्हणण्याची ताकद ज्युनियरकडे नसते.

मग तिकिटात चार गोष्टी लिहिल्या.

पहिली, काम झालं म्हणजे काय. स्टेजिंगवर, दोन हजार ऑर्डर असलेल्या टेस्ट अकाउंटमध्ये, पान एका सेकंदाच्या आत उघडलं पाहिजे.

दुसरी, मला आधीच काय माहीत आहे. `orders` टेबलवर `customer_id` चा इंडेक्स नाही, संशय तिथेच. स्टेजिंगवर डेटा भरपूर हवा, कारण टेबल लहान असेल तर पोस्टग्रेस इंडेक्स असूनही अख्खं टेबल वाचणं पसंत करू शकतो, आणि आपल्याला वाटतं की उपाय चुकला.

तिसरी, कुंपण कुठे आहे. स्टेजिंगवर हवे ते प्रयोग कर, विचारायची गरज नाही. प्रॉडक्शनला मात्र दोघं मिळून हात लावू. साधा `CREATE INDEX` चालू असताना त्या टेबलमध्ये नवीन नोंदी अडतात, म्हणजे ग्राहकांच्या ऑर्डर थांबतात. म्हणून हे वापरायचं:

```sql
CREATE INDEX CONCURRENTLY idx_orders_customer_id
ON orders (customer_id);
```

हे ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसलं तर अर्धवट, निरुपयोगी इंडेक्स मागे राहतो. तो काढून टाकावा लागतो. असं ज्ञान अनुभवाने येतं. ते आपल्याकडे असून न सांगणं म्हणजे तिला मुद्दाम खड्ड्यात पाठवणं.

चौथी, थांबायचं कधी. अंदाज तिलाच विचारला, ती म्हणाली दीड दिवस. मला कदाचित दोन तास लागले असते, पण काम ती करणार, म्हणून घड्याळही तिचंच. एकाच जागी दोन तास अडकलीस तर विचार. दीड दिवसात कारण सापडलं नाही तर जे कळलं ते लिहून थांब, तेही काम झालं असंच धरू.

हे वाचून झाल्यावर "समजलं ना?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं, "हो." त्याऐवजी मी विचारलं, "पहिलं काय करशील?" ती म्हणाली, "इंडेक्स टाकते, मग वेळ मोजते." इथेच सापडलं! आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कशाशी ताडणार? मग क्रम ठरला: आधी `EXPLAIN ANALYZE` चालवून आकडा तिकिटात, मग इंडेक्स, मग पुन्हा तेच. दोन मिनिटांच्या बोलण्याने फेरकाम वाचलं.

शेवटचं काम आपलं. रिव्ह्यूसाठी गुरुवारी अकरा वाजता अर्धा तास मी कॅलेंडरमध्ये राखून ठेवला. तिने वेळेत द्यायचं आणि तिचं काम माझ्याकडे तीन दिवस पडून राहायचं, हा न्याय नव्हे. वेळेचा मान दोन्ही बाजूंनी असतो.

काही बिनसतंय हे कसं ओळखायचं? ज्युनियर दिवसभर गप्प असेल, तर बहुधा थांबायची खूण सांगायची राहिली आहे. दर अर्ध्या तासाला विचारत असेल, तर कुठले निर्णय तिचे, हे कळलेलं नाही. दोन्ही वेळा तिला बोलण्याआधी तिकीट पुन्हा वाचा.

अर्थात प्रॉडक्शन बंद पडलं असेल तेव्हा हे सगळं लिहीत बसू नका. तेव्हा शेजारी बसवून घ्या, स्वतः करा आणि करताना काय करताय ते बोलत राहा.

आज कुणाला काम देणार असाल, तर पाठवण्याआधी "जरा बघ" खोडा आणि त्या जागी "झालं म्हणजे काय" हे एक वाक्य लिहून बघा. ते लिहिता आलं नाही, तर काम अजून देण्याजोगं झालेलं नाही.