पी-मूल्य ०.०४ म्हणजे ९६ टक्के खात्री का?

प्रश्न : थायलंडमधल्या एचआयव्ही लसीच्या चाचणीवर लेख लिहिते आहे. परिणामकारकता ३१.२ टक्के, पी-मूल्य ०.०४. ‘लस उपयोगी असल्याची ९६ टक्के खात्री’ असं लिहिलं तर चालेल का? – एक वाचक

उत्तर : पी-मूल्याचा असा अर्थ होत नाही. लस पूर्ण निरुपयोगी असती, तरी निव्वळ योगायोगाने दोन गटांत एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ४ टक्के होती, इतकेच ते सांगते.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत प्रत्येक गटात सुमारे ८,२०० जण होते. लस घेतलेल्यांपैकी ५१ जणांना, तर नकली लस घेतलेल्यांपैकी ७४ जणांना संसर्ग झाला. म्हणजे हजारी ९ ऐवजी ६. लेखात हा आकडा आधी द्यावा, कारण नुसत्या ‘३१ टक्के’मुळे फरक भलताच मोठा वाटतो.

९५ टक्के विश्वासांतर होते १.१ ते ५२.१. ते असे मांडता येते : ‘संसर्ग ३१ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे, मात्र खरी घट जेमतेम १ टक्का किंवा ५२ टक्के असली, तरी ती या आकड्यांशी सुसंगत ठरेल.’

‘लक्षणीय’ हा शब्द इथे जपून वापरावा. चाचणीच्या सुरुवातीलाच संसर्ग असलेले ७ जण या हिशेबातून वगळले होते. त्यांना धरल्यास पी-मूल्य ०.०८ होते आणि विश्वासांतराची खालची कड शून्याखाली जाते.