ऊर्जा लेखापरीक्षण अहवालाचा अनुवाद : शक्तिगुणक, कमाल मागणी आणि कपॅसिटर

प्रास्ताविक

उपयोजित मराठीच्या अभ्यासात आपण कार्यालयीन पत्रे, परिपत्रके आणि जाहिराती यांच्या अनुवादाचा विचार करतो. या घटकात त्याहून अवघड असा एक मजकूर घ्यावयाचा आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिल चालविणारे एक मालक आहेत असे समजा. त्यांनी ऊर्जा लेखापरीक्षकाकडून कारखान्याची तपासणी करून घेतली आणि त्याचा इंग्रजी अहवाल त्यांच्या हाती आला. हिशेबात ते पक्के आहेत, विजेचे बिल दरमहा स्वतः पाहतात, परंतु इंग्रजी अहवाल वाचून निर्णय घेणे त्यांना जड जाते. अहवाल मराठीत आणण्याचे काम आपल्याकडे आले आहे. अहवालातील आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. असे अहवाल जळगावच्या डाळमिलींत आणि प्लॅस्टिकच्या चटई-पाइप कारखान्यांत, तसेच धुळ्याच्या तेलगिरण्यांतही पाहावयास मिळतात.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. मालक हा अनुवाद वाचून पैसे खर्च करणार आहेत आणि वीज कंपनीबरोबरचा करार बदलणार आहेत. म्हणून शब्दाला शब्द मिळाला की काम झाले, असे येथे म्हणता येत नाही.

‘मागणी’ कोणाची?

अहवालातील पहिले विधान असे आहे : कारखान्याची मॅक्झिमम डिमांड २२० केव्हीए असून सरासरी पॉवर फॅक्टर ०.८२ आहे. पॉवर फॅक्टर ०.९८ पर्यंत सुधारल्यास मॅक्झिमम डिमांड सुमारे १८४ केव्हीएपर्यंत खाली येईल.

नवखा अनुवादक लिहितो, ‘शक्तिगुणक सुधारल्यास कमाल मागणी कमी होईल.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु डाळमिलीच्या मालकाच्या कानी ‘मागणी’ हा शब्द बाजारातून येतो. तूरडाळीला मागणी कमी होणार असेल, तर त्यासाठी आपण खर्च का करावा, असा प्रश्न त्यांना पडला तर चूक त्यांची नाही. ‘मागणी आकार’ हा शब्द वीजबिलाच्या परिभाषेत रूढ आहे, म्हणून ‘कमाल मागणी’ टाकून देण्याचे कारण नाही. मात्र पहिल्याच उल्लेखाच्या वेळी तिचा अर्थ उलगडला पाहिजे. उदाहरणार्थ : ‘महिन्याभरात कारखान्याने वीजवाहिनीवर एका वेळी टाकलेला सर्वांत मोठा भार, म्हणजे बिलातील कमाल मागणी (मॅक्झिमम डिमांड), २२० केव्हीए इतका नोंदला गेला.’

‘एका वेळी’ हे शब्दही तपासून घ्यावेत. मीटर क्षणाक्षणाचा झटका धरत नाही. तो ठराविक मिनिटांच्या कालखंडातील सरासरी धरतो आणि महिन्यातील सर्वांत मोठी सरासरी नोंदवितो. मोटार सुरू होताना येणारा क्षणिक झोत हीच कमाल मागणी, असा समज ज्यांचा होतो, ते चुकीच्या जागी उपाय शोधतात. कालखंड १५ मिनिटांचा की ३० मिनिटांचा, हे अहवालात दिलेले असल्यास ते गाळू नये.

शक्तिगुणक समजावताना

‘शक्तिगुणक’ हा परिभाषेतील शब्द बरोबर आहे, परंतु कारखान्यात कोणीही तो उच्चारत नाही. वायरमनपासून मालकापर्यंत सर्व जण ‘पॉवर फॅक्टर’ म्हणतात. माझ्या मते येथे रूढ शब्द ठेवावा आणि ‘शक्तिगुणक’ एकदा सांगून सोडावा. अनुवादकाची निष्ठा शब्दकोशापेक्षा वाचकाशी अधिक असावी लागते.

अर्थ सांगताना इंग्रजी अहवाल पुष्कळदा बिअरच्या पेल्यातील फेसाचे उदाहरण देतात. आपल्या मालकांसाठी दुधाचे माप घेणे बरे. धार काढलेल्या दुधाने माप काठोकाठ भरलेले दिसते, पण वरचा भाग फेसाचा असतो. मापातील दूध म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी शक्ती, ती किलोवॅटमध्ये मोजतात. फेसासह भरलेले माप म्हणजे केव्हीए. किलोवॅटला केव्हीएने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो. आपल्या कारखान्याचा भार १८० किलोवॅट आहे. १८० भागिले ०.८२ केले की २१९.५ येतात, म्हणजेच अहवालातील २२० केव्हीए.

ही उपमा दोन ठिकाणी तुटते आणि तेथे अनुवादकाने सावध असावे. फेस निरुपयोगी असतो. मोटारीला मात्र फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागते आणि त्यासाठीच ही जादा शक्ती येत-जात राहते. ती केव्हीएआरमध्ये मोजतात. दुसरे असे की, दूध अधिक फेस म्हणजे माप, अशी साधी बेरीज येथे चालत नाही. या अहवालात १८० किलोवॅट, १२६ केव्हीएआर आणि २२० केव्हीए असे तीन आकडे एका ओळीत दिले आहेत. १८० आणि १२६ यांची बेरीज ३०६ होते, म्हणून छपाईची चूक समजून आकडा ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो. या तीन राशींचे नाते काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखे असते : १८० चा वर्ग आणि १२६ चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे २२० येते. आकडा बरोबर आहे.

‘वीज वाचेल’ असे लिहावे का?

अनुवादातील सर्वांत महागडी चूक येथे होते. अहवाल म्हणतो की, पॉवर फॅक्टर सुधारल्यास बिल होणारी युनिटे कमी होतील. अनुवादक ‘विजेचा वापर कमी होईल’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात डाळ भरडणाऱ्या मोटारीला जेवढे किलोवॅट लागतात, तेवढेच कपॅसिटर बसविल्यावरही लागतात. बदलते ते वाहिनीवरून येणाऱ्या जादा प्रवाहाचे प्रमाण.

मग पैसे कसे वाचतात? महावितरणने उच्चदाब ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककावर बिल आकारणे सुरू केले. त्यापूर्वी युनिट किलोवॅट-तासांत मोजले जाई आणि चांगल्या पॉवर फॅक्टरसाठी सवलत व वाईटासाठी दंड वेगळा लागे. आता फेसासह मापच बिलात येते. आपल्या कारखान्याचा मासिक वापर ४५,००० किलोवॅट-तास धरला, तर ०.८२ पॉवर फॅक्टरला बिलाची युनिटे सुमारे ५४,९०० होतात आणि ०.९८ ला सुमारे ४५,९००. फरक ९,००० युनिटांचा. मोटारींनी केलेले काम दोन्ही वेळा तेच. म्हणून वाक्य असे हवे : ‘मोटारींचा प्रत्यक्ष वीजवापर जवळपास तेवढाच राहील, मात्र बिलात मोजली जाणारी युनिटे महिन्याला सुमारे ९,००० ने कमी होतील.’ हे न सांगितल्यास, कपॅसिटर बसवूनही किलोवॅट-तासांचा आकडा हलला नाही म्हणून मालक लेखापरीक्षकावर रागावतील.

कपॅसिटरची ‘बँक’

अहवालाची शिफारस आहे की, ९० केव्हीएआरची स्वयंचलित कपॅसिटर बँक बसवावी. पाठ्यपुस्तकांत कपॅसिटरला ‘धारित्र’ किंवा ‘संधारित्र’ म्हणतात आणि ‘बँक’साठी ‘अधिकोष’ हा शब्द कोशात आहे. ‘संधारित्र अधिकोष’ असे लिहिल्यास मालक कर्जाच्या अर्जाची वाट पाहतील. येथे ‘बँक’ म्हणजे एकत्र जोडलेल्या कपॅसिटरांचा संच, इतकेच. आणखी एक गैरसमज टाळावा : ही वीज साठवून भारनियमनात पुरविणारी यंत्रणा नव्हे. तरीही बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून लगेच हात लावू नये, ही अहवालातील सूचना ठळकपणे उतरविली पाहिजे.

‘स्वयंचलित’ हे विशेषण अलंकार म्हणून आलेले नाही. कायम जोडलेले कपॅसिटर रात्री मोटारी बंद असतानाही चालू राहतात. मग केव्हीएआर उलट दिशेने वाढते. तांत्रिक भाषेत पॉवर फॅक्टर ‘लीडिंग’ होतो, म्हणजे प्रवाह व्होल्टतेच्या पुढे जातो. केव्हीएएच मोजताना मागे पडलेला आणि पुढे गेलेला, असे दोन्ही प्रकार धरले जातात. स्वयंचलित पॅनेल भार पाहून कपॅसिटरचे गट जोडते आणि तोडते. अनुवादात हे एक विशेषण गळले, तर मालक स्वस्तातले कायम कपॅसिटर घेतील आणि जे पैसे दिवसा वाचतील, त्यातले काही रात्री घालवतील.

‘विचार करता येईल’ आणि ‘करावी’

शेवटचे वाक्य सर्वांत जोखमीचे आहे. कारखान्याची करार मागणी (कॉन्ट्रॅक्ट डिमांड) २२५ केव्हीए आहे. अहवाल म्हणतो की, कपॅसिटर बसविल्यानंतर एक पूर्ण हंगाम कमाल मागणीची नोंद पाहून मग करार मागणी कमी करण्याचा विचार करता येईल. हे वाक्य अनुवादात ‘करार मागणी १८५ केव्हीएपर्यंत कमी करावी’ असे झाले, तर काय घडते? मालक ऑफ-सीझनमध्ये अर्ज करतात. पुढे नवी तूर आल्यावर सर्व यंत्रे एकदम चालतात, त्यात एखादी नवी मोटार येते, आणि कमाल मागणी २०० वर जाते. करारापेक्षा वर गेलेल्या १५ केव्हीएला मागणी आकार दीडपट दराने लागतो. करार पुन्हा वाढवायचा तर नवा अर्ज करावा लागतो, ते वेगळेच.

दुसऱ्या बाजूने हेही सांगावे लागते की, कपॅसिटर बसविल्याच्या पुढच्याच महिन्यात मागणी आकार पूर्णपणे उतरेल असे नाही. महावितरणच्या उच्चदाब दरपत्रकात मागील ११ महिन्यांतील सर्वाधिक देयक मागणीच्या ७५ टक्क्यांचीही मर्यादा विचारात घेण्याचा नियम राहिलेला आहे. आपल्या उदाहरणात २२० चे ७५ टक्के म्हणजे १६५. हंगाम संपून प्रत्यक्ष मागणी १०० वर आली, तरी बिल १६५ वर होऊ शकते. अनुवाद सुपूर्द करण्यापूर्वी ही टक्केवारी चालू दरपत्रकाशी ताडून पाहावी आणि तफावत आढळल्यास लेखापरीक्षकाला विचारावे. मूळ मजकुरात स्वतः फेरफार करू नये.

सरावासाठी

१. पुढील वाक्य डाळमिलीच्या मालकाला कळेल असे पुन्हा लिहा : ‘शक्तिगुणक सुधारणेमुळे आभासी शक्तीची कमाल मागणी घटून ऊर्जाबचत साध्य होईल.’ त्यातील तथ्याची चूक कोणती, तेही नोंदवा.

२. धुळ्याच्या एका तेलगिरणीचा भार १२० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.८० आहे. अहवालात कमाल मागणी ९६ केव्हीए छापली आहे. हा आकडा बरोबर असू शकतो का? अनुवादक म्हणून आपण काय कराल, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. आपल्या परिसरातील एखाद्या कारखान्याचे किंवा पीठगिरणीचे वीजबिल परवानगीने पाहा. त्यातील पाच संज्ञा निवडून प्रत्येकीचा, मालक बोलतात त्या भाषेत, एका वाक्यात अर्थ लिहा.