एक रुपया परत पाठवू नका

मी त्याला नाही म्हटलं होतं. सराव संपल्यावर, ढोल टेम्पोत चढवत असताना, तोंडावर म्हटलं होतं आणि त्याच रात्री लेखीही कळवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पथकात आजही "तिनं नीट सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं" असं म्हणणारी मंडळी आहेत. नीट सांगितलेलं माझ्या फोनमध्ये तारखेसकट आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन बघून जावं.

तो ताशावाला, मी ढोलाच्या रांगेत. ओळख एवढीच. नदीपात्रातला सराव, चहा, पथकाचा ग्रुप. त्या ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि कोण कुठून येतं, किती वाजता येतं, हेही सगळ्यांना माहीत असतं. पुढचं सगळं त्याला त्या ग्रुपमुळे जमलं.

मी पाठवलेला मेसेज असा होता: "तू विचारलंस, मी नाही म्हटलं. हे उत्तर बदलणार नाही. यापुढे मला फोन, मेसेज करू नकोस आणि भेटायला येऊ नकोस." बास. मैत्रिणीचं म्हणणं होतं की फार रुक्ष झालंय, "सॉरी" घाल, "सध्या लग्नाचा विचार नाही" असं लिही. मी ऐकलं नाही, आणि ते बरंच झालं. "सध्या" लिहिलं की तो सहा महिन्यांनी पुन्हा विचारणार. "घरचे ऐकणार नाहीत" लिहिलं की तो घरच्यांना भेटायला येणार. कारण दिलं की त्या कारणावर तोडगा निघतो, म्हणून कारण द्यायचंच नाही. "सॉरी"ही नको, कारण तुम्ही त्याचं काही देणं लागत नाही. आणि मेसेजात धमकी घालू नका. "पोलिसात जाईन" असं लिहिलं आणि गेला नाहीत, तर तुमचं बोलणं पोकळ आहे असं तो धरून चालतो.

त्याचं उत्तर आलं, "ओके. पण मैत्री तर ठेवशील ना?" मी काहीच लिहिलं नाही. मग रोज सकाळी फुलांचे फोटो. मग "तुझा गैरसमज झालाय". मग एका रात्री शिव्या, आणि सकाळी त्या शिव्यांबद्दल माफीचा लांबलचक मेसेज. उत्तर नाही म्हटल्यावर हे सुरुवातीला वाढतंच, कमी होत नाही. तेव्हाच बहुतेक जणी कंटाळून एकदा उत्तर देतात, "प्लीज आता थांब" एवढंच का होईना. ते देऊ नका. दहा फोन वाजू देऊन अकरावा उचललात, तर तुमच्याशी बोलण्याचा भाव अकरा फोन आहे हे त्याला कळतं, आणि पुढच्या वेळी तो तेवढे करतो. तुम्ही काय बोललात याला त्याच्या लेखी किंमत नसते. बोललात, एवढंच त्याला पुरतं.

आणि इथेच मध्यस्थ येतात. आमच्याकडे एक ताई होत्या. "अगं, एकदा भेटून समजावून सांग, बिचारा जेवत नाहीये." मी विचारलं, "ताई, तुम्ही त्याला समजावलंत का?" त्यावर त्या म्हणाल्या, "तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीये गं." म्हणजे जो ऐकत नाही त्याला सोडून द्यायचं, आणि जी ऐकून घेते तिच्यामागे लागायचं. शेवटची भेट म्हणून कुठेही जाऊ नका, हॉटेलात नको आणि देवळातही नको. मध्यस्थांना एकदाच लेखी सांगा: "त्याचा निरोप माझ्यापर्यंत आणू नका आणि माझी कुठलीही माहिती त्याला देऊ नका." पथकप्रमुखांनाही मी हेच लिहून पाठवलं. "बघतो" म्हणाले. अजून बघतायत.

आता त्या रुपयाकडे येते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला म्यूट करून टाकलं होतं, फोनवर त्याचा नंबर अडवला होता. काही दिवस शांततेत गेले. मग एका सकाळी ऑफिसात पोचून हेल्मेट काढते तोच फोन वाजला. खात्यात एक रुपया जमा. यूपीआयवरून पैसे पाठवताना खाली चिठ्ठी लिहायची सोय असते, त्या जागेत लिहिलं होतं: "स्कूटरचा डावा इंडिकेटर बंद आहे."

मी खाली पार्किंगमध्ये जाऊन इंडिकेटर लावून बघितला. खरंच बंद होता.

तोवर मला वाटत होतं की हा चिकट आहे, थकेल कधीतरी. त्या पार्किंगमध्ये कळलं की तो त्या सकाळी माझ्या मागे गाडीवर होता, आणि हे मला कळावं म्हणून त्यानं एक रुपया खर्च केला होता. ताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "बघ, किती काळजी आहे त्याला तुझी!" या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. काळजीच्या भाषेतला मेसेज तिसऱ्या माणसाला निरुपद्रवी वाटतो. म्हणून असा मेसेज आला की शब्द बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: हे त्याला कुठे उभं राहून दिसलं असेल? उत्तर "माझ्या मागे" किंवा "माझ्या घरासमोर" असं आलं, तर गोष्ट मेसेजांच्या पुढे गेलेली आहे.

तो रुपया परत पाठवू नका. माझाही हात शिवशिवत होता, पण परत पाठवलेला रुपयासुद्धा उत्तरच असतं. आधी व्यवहाराचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि व्यवहार क्रमांक दिसू द्या. पैशांच्या अ‍ॅपमध्येही माणूस ब्लॉक करता येतो, ते त्यानंतर करा.

पुराव्याचं सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिडून काहीही डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढताना वर तुम्ही सेव्ह केलेलं नाव दिसतं, ते कुणाचंही असू शकतं. म्हणून त्याचा नंबर दिसतो त्या पानाचाही फोटो घ्या. व्हॉट्सअ‍ॅपमधून अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. मूळ मेसेज फोनमध्येच असतात, तेव्हा तो फोन विकू नका आणि रीसेटही करू नका. शिवाय एक साधी वही ठेवा, त्यात तारीख, वेळ, जागा, काय घडलं आणि कुणी पाहिलं एवढंच लिहा. "मला खूप भीती वाटली" हे तुमच्या डायरीत लिहा. या वहीत "पावणेनऊ, सिग्नलला मागे, काळी बाइक, पार्किंगच्या वॉचमननं पाहिलं" असं हवं.

ब्लॉक लगेच करावं की नाही यावर लोक भांडतात. माझं मत असं, की तक्रार देईपर्यंत म्यूट करून ठेवावं, म्हणजे त्याची भाषा कुठवर चढते आहे हे कळतं. वाचून झोप उडत असेल तर वाचायचं काम मैत्रिणीला द्या. आणि लक्षात ठेवा, ब्लॉक केलेला माणूस ग्रुपमध्ये असेल तर तुमचे तिथले मेसेज त्याला दिसतच राहतात. ग्रुपमधून एक तर तो जातो, नाही तर तुम्ही. आमच्याकडे मीच गेले.

मी तक्रार द्यायला गेले, तर चौकीत "एनसी घेतो, त्याला बोलावून समज देतो" असं म्हणाले. तेव्हा हे माहीत असावं. भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे, पाठलागाचं. जुन्या दंडविधानात ते 354-ड होतं, 2013 मध्ये आलेलं. बाईनं आपली इच्छा नाही हे स्पष्ट दाखवल्यानंतरही पुरुषानं पुन्हा पुन्हा पाठलाग करणं किंवा संपर्क साधणं, हा गुन्हा आहे. म्हणून तो लेखी "नाही" सोन्याच्या मोलाचा, कारण सगळी तक्रार त्या तारखेपासून सुरू होते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे नुसत्या एनसीवर बोळवण व्हायला नको. जबाब महिला अधिकाऱ्यानं नोंदवावा अशी तरतूद आहे, ती मागून घ्या. मी अर्ज घरूनच टाइप करून नेला होता, वहीतल्या नोंदी क्रमानं घालून. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि सही घेतल्याशिवाय उठले नाही.

पण फार आशा धरू नका. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी तो जामीनपात्र आहे, तेव्हा आरोपी संध्याकाळी घरी येतोच. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा अजामीनपात्र. आणि हे कलम पुरुषानं बाईचा पाठलाग केला तरच लागतं, पुरुषांना तक्रारीसाठी दुसरी कलमं शोधावी लागतात. माझ्या बाबतीत त्याला बोलावलं, त्याच्या वडिलांसमोर समज दिली, आणि ते थांबलं. प्रत्येकीचं एवढ्यावर थांबेल असं नाही. ज्यानं आधी मारहाण केलेली आहे किंवा जो जिवाची धमकी देतो, त्याला शेवटचा मेसेजसुद्धा एकटीनं पाठवू नका, आधी पोलिसांकडे जा.

बाकी नेहमीचं: घरच्यांना सांगा, रस्ते बदला, स्टेटसवर जागा टाकू नका. कुणी मागे आहे असं वाटलं तर घराकडे वळू नका. पेट्रोल पंपावर किंवा चौकीत थांबा आणि 112 लावा. "मी जिवाचं काहीतरी करून घेईन" असा मेसेज आला तर धावत जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. 112 ला कळवा, त्याच्या घरी कळवा, आणि ते दोन्ही फोन वहीत लिहा. त्याला उत्तर मात्र द्यायचं नाही.

यंदा सराव सुरू होताना पथकप्रमुखांचा फोन आला. "येतेस ना? ढोल कमी पडतायत." मी विचारलं, "तो आहे का?" म्हणाले, "आहे, पण आता तो तुझ्या वाटेला जाणार नाही, मी शब्द देतो." मी म्हटलं, "दादा, तेवढं पथकाच्या लेटरहेडवर लिहून सही करून पाठवा." अजून काही आलेलं नाही.