ग्लायडर भिंतीला लागला की त्याचा ठोकळा का होतो?

प्रश्न : मी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकते. कॉन्वेच्या ‘गेम ऑफ लाइफ’चा प्रोग्राम लिहिला. पाच घरांची एक आकृती तिरकी चालत जाळीच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे तिचा चार घरांचा चौकोनी ठोकळा झाला. नंतर तो हललाच नाही. नियमांत चालण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, मग ती चालते कशी? आणि कडेला गेल्यावर थांबते का? माझा प्रोग्राम चुकलाय का?
– एक वाचक, नवघर, भाईंदर (पूर्व)

उत्तर : प्रोग्राम बहुधा बरोबर आहे. तुम्ही पाहिलेला ठोकळा नियमांतूनच निघतो, आणि तो का निघतो हे कळलं की आकृती चालते कशी तेही कळतं.

आधी नियम सांगतो. प्रत्येक घराला आडवे, उभे आणि तिरके मिळून आठ शेजारी असतात. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर तिथे जन्म होतो. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते टिकतं, नाहीतर मरतं. सगळ्या घरांचा निकाल एकाच वेळी लागतो आणि पुढची पिढी तयार होते. इंग्रज गणिती जॉन कॉन्वे यांचा हा खेळ मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ऑक्टोबर १९७० मध्ये जगापुढे आणला.

आता जन्मासाठी तीनच का, ते बघा. जिवंत घरांच्या एखाद्या पुंजक्याभोवती घट्ट बसेल असा आयत काढा. आयताच्या कडेला लागून असलेल्या बाहेरच्या घराला आतले जास्तीत जास्त तीनच शेजारी दिसू शकतात. जन्माला चार शेजारी लागले असते, तर कोणतीही आकृती आपल्या आयताबाहेर कधीच पडली नसती. दोन पुरले असते, तर कडेवर दोन जिवंत घरं लागून आली की बाहेर जन्म ठरलेलाच, आणि पसारा आवरला नसता. तीन हा आकडा बरोबर उंबरठ्यावर आहे. बाहेर पडता येतं, पण त्यासाठी कडेवर लागून तीन जिवंत घरं हवीत. माझ्या मते या खेळातली सगळी करामत या एका आकड्यात आहे.

चालणाऱ्या आकृतीला ग्लायडर म्हणतात. गणिती रिचर्ड गाय यांच्या नजरेस ती पहिल्यांदा पडली. तिच्या पाच अवस्था डावीकडून उजवीकडे अशा :

```
□■□□  □□□□  □□□□  □□□□  □□□□
□□■□  ■□■□  □□■□  □■□□  □□■□
■■■□  □■■□  ■□■□  □□■■  □□□■
□□□□  □■□□  □■■□  □■■□  □■■■
```

पहिल्या चित्रात तिसऱ्या ओळीत लागून तीन जिवंत घरं आहेत. त्यांतल्या मधल्याच्या खालच्या रिकाम्या घराला बरोबर तीन शेजारी मिळतात, म्हणून तिथे जन्म होतो. आकृतीने पुढे टाकलेलं पाऊल ते हेच. त्याच वेळी सगळ्यांत वरच्या घराला एकच शेजारी आहे, म्हणून ते मरतं. प्रत्येक पिढीत दोन घरं जन्मतात, दोन मरतात, तीन टिकतात. पुढे भर पडते आणि मागे गळती होते, म्हणून आपल्याला ‘चाल’ दिसते. प्रत्यक्षात एकही घर जागचं हललेलं नसतं.

तिरकीच का चालते, याचं उत्तर तिसऱ्या चित्रात आहे. पहिलं चित्र डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कर्णावर आरशासारखं उलटवा आणि एक घर खाली सरकवा, म्हणजे तिसरं मिळतं. नियमांना डावं-उजवं किंवा वर-खाली असा भेद नाही. त्यामुळे उलटलेली आकृतीही पुढच्या दोन पिढ्यांत तेच करते, फक्त उलटून : ‘एक घर खाली’च्या जागी ‘एक घर उजवीकडे’. दोनदा उलटल्यावर मूळ आकार परत आला आणि एकूण सरक झाली एक घर खाली, एक उजवीकडे. म्हणून चार पिढ्यांत एक तिरकं पाऊल.

आता तुमची भिंत. समजा तिसरी ओळ हीच जाळीची शेवटची ओळ आहे आणि तिच्यापलीकडे सगळं कायमचं मृत धरलं आहे. मग खाली होणारा तो जन्म होऊच शकत नाही. एक पिढी झाल्यावर पाचाऐवजी चार घरं उरतात, दुसऱ्या पिढीनंतर तीन. ती तीन काटकोनात बसलेली असतात आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या कोपऱ्याला बरोबर तीन शेजारी असतात. तिसऱ्या पिढीत तो कोपरा भरतो आणि ठोकळा पुरा होतो. वहीच्या चौकटींवर हे तीन टप्पे पाच मिनिटांत होतात, एकदा स्वतः करून पाहा.

ठोकळा मग हलत का नाही? त्याच्या प्रत्येक घराला तीन जिवंत शेजारी आहेत, म्हणून कुणी मरत नाही. बाहेरच्या कोणत्याही घराला दोनाहून जास्त जिवंत शेजारी नाहीत, म्हणून कुणी जन्मत नाही. त्याच्या कडेवर लागून दोनच घरं आहेत, आणि उंबरठा तिनाचा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ठोकळा स्थिर राहिला म्हणजे प्रोग्राम बरोबर, असं समजू नका. तिरके शेजारी मोजायचे राहून गेले तरी ठोकळा तसाच राहतो. नवी पिढी वेगळ्या जाळीत न लिहिता जुन्याच जाळीत लिहीत गेलात तरीही तो तसाच राहतो. खरी परीक्षा ब्लिंकरची, म्हणजे एका ओळीतल्या तीन जिवंत घरांची. ती पुढच्या पिढीत उभी, त्यानंतर पुन्हा आडवी व्हायला हवीत. तिरके शेजारी विसरला असाल तर दोन पिढ्यांत सगळं मरतं. जुन्याच जाळीत लिहीत असाल तर वरच्या ओळीत एक घर जन्मल्याबरोबर ते पुढच्या घराच्या मोजणीत शिरतं, तिथेही भलताच जन्म होतो आणि आकार बिघडतो.

ग्लायडर थांबू नये असं वाटत असेल तर जाळीच्या समोरासमोरच्या कडा जोडून टाका. पायथनमध्ये शेजाऱ्याचा क्रमांक असा काढतात :

```
(i + 1) % n
(i - 1) % n
```

आता खालून गेलेला ग्लायडर वरून परत येईल आणि वाटेत काही आडवं आलं नाही तर फिरतच राहील.

यापुढे मात्र तर्काने फार दूर जाता येत नाही. कोणतीही आकृती कायम वाढत राहणार नाही, असा कॉन्वे यांचा अंदाज होता आणि तो सिद्ध किंवा खोटा करणाऱ्याला त्यांनी ५० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. एमआयटीतल्या बिल गॉस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० सालीच दर ३० पिढ्यांनी एक नवा ग्लायडर सोडणारी आकृती शोधून ते मिळवलं. दिलेली आकृती शेवटी मरेल, थिजेल की वाढत जाईल, हे प्रत्येक वेळी आधीच सांगू शकेल अशी रीत असूच शकत नाही, हेही पुढे सिद्ध झालं. चालवून पाहणं हाच मार्ग.

तर मग ही पाच घरं चालवून पाहा :

```
□■■
■■□
□■□
```

हिला आर-पेंटोमिनो म्हणतात. ती ११०३ पिढ्यांनी स्थिरावते आणि तोवर सहा ग्लायडर बाहेर सोडते. पण जाळी चांगली मोठी घ्या आणि या वेळी कडा जोडू नका. नाहीतर सुटलेले ग्लायडर फिरून परत येऊन आत आदळतील आणि ११०३ हा आकडा तुम्हाला मिळणार नाही.