शीर्षकात वजन नीट लिहा: झटपट डिलिव्हरीच्या ॲपवर किराणा विकणाऱ्यांसाठी

तुमचे पोहे ॲपवर आहेत, पण गिऱ्हाईक ‘poha 500 gm’ टाइप करतं तेव्हा दुसऱ्याचेच वर येतात. अशा वेळी जाहिरातीवर पैसे घालण्याआधी मालाचं शीर्षक तपासा. दुरुस्ती तुम्ही स्वतः केली तर सहसा खर्च काहीच नाही. तीस-चाळीस वस्तू असतील, तर एक संध्याकाळ पुरते.

आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा. दुकान चालू असताना आणि माल शिल्लक दाखवत असताना गिऱ्हाइकाचं ॲप उघडा, तुमच्या डिलिव्हरीच्या टापूतला पत्ता टाका आणि ब्रँडसह वस्तूचं पूर्ण नाव शोधा. तरीही माल दिसत नसेल, तर दोष शीर्षकाचा नाही. साठा शून्य असेल, मंजुरी अडकली असेल किंवा तो पत्ता तुमच्या टापूबाहेर असेल. पूर्ण नावाने दिसतो पण नुसत्या ‘poha’ किंवा ‘poha 500 g’ला दिसत नाही, तेव्हा मात्र शीर्षक बदला.

हाताशी काय हवं

पाकिटाचा पुढचा-मागचा स्पष्ट फोटो, निव्वळ वजन, एमआरपी, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक आणि बारकोड असेल तर तो. शीर्षकातलं वजन पाकिटावरून उतरवा, आठवणीने लिहू नका. तुम्ही स्वतः पॅकिंग करून विकत असाल, तर वैधमापनशास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी लागते. वेष्टित वस्तूंच्या 2011च्या नियमांत त्यासाठी 500 रुपये शुल्क आहे आणि पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत अर्ज करायचा असतो. एजंट याच कामाचे जास्त पैसे मागत असेल, तर सरकारी शुल्क किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगळं लिहून घ्या.

एक शीर्षक दुरुस्त करून पाहू

गृहउद्योगाच्या यादीत हमखास आढळणारी ही तऱ्हा:

```
Special Premium Quality Pohe Jade Half KG Pkt
```

पहिले तीन शब्द कोणी शोधत नाही. मोबाइलवर शीर्षकाच्या जेमतेम दोन ओळी दिसतात, त्यातली निम्मी जागा त्यांनीच खाल्ली. ‘Half KG’ हे पाकिटावर छापलेल्या ‘500 g’शी जुळत नाही. आणि आपण ‘पोहे’ म्हणत असलो, तरी मुंबई-पुण्यात टाइप करताना बरेच जण ‘poha’ लिहितात. बदल असा:

```
Jada Poha Thick 500 g
```

ब्रँडसाठी वेगळा रकाना नसेल, तर ब्रँडचं नाव अगदी पुढे लावा. मग वस्तू, मग प्रकार, शेवटी आकडा आणि एकक. प्रकार गाळू नका: चिवड्यासाठी पातळ पोहे हवे असताना जाडे घरी पोचले, तर तक्रार तुमच्याच नावावर चढते.

‘500’ आणि ‘g’ यांच्यामध्ये एक जागा सोडा. काही ॲपचं सर्च ‘500g’ हा सलग एकच शब्द धरतं, काहींचं आकडा आणि अक्षर वेगळं करतं. जागा सोडली की निदान ‘500’ स्वतंत्रपणे सापडतो. एकक पाकिटावरचंच ठेवा: g, kg, ml, L. ‘gms’, ‘Kgs’, ‘Ltr’ ही कायद्यातली चिन्हं नाहीत. एक किलोच्या आतलं वजन ग्रॅममध्येच लिहायचं असतं, म्हणून ‘0.5 kg’ही नको.

पण माणसं ‘500gm’, ‘half kg’, ‘adha kilo’ असंच लिहितात. त्यांच्यासाठी बहुतेक विक्रेता पॅनेलमध्ये कीवर्डचा वेगळा रकाना असतो. पोह्यांसाठी तिथे हे पुरे:

```
pohe, पोहे, pauva, avalakki, 500g, 500gm, half kg, adha kilo
```

गुजराती घरात ‘पौंवा’ म्हणतात, कन्नड घरात ‘अवलक्की’. हे सगळं शीर्षकात कोंबू नका. वाचायला त्रास होतो आणि काही ॲप असं शीर्षक नाकारतात.

सेव्ह करण्याआधी वजनाचा वेगळा रकाना पाहा. आकडा आणि एकक तिथे स्वतंत्र भरायचं असतं आणि गाळणी लावताना ॲप बहुधा तोच रकाना वाचतं. शीर्षकात 500 g आणि रकान्यात चुकून 500 kg, असं झालं की शीर्षक कितीही नीट असलं तरी माल गाळणीत अडकतो. काही ॲप रकान्यातलं वजन शीर्षकाला आपोआप जोडतात. तिथे ‘500 g 500 g’ असं दोनदा दिसलं, तर शीर्षकातलं काढा.

तेलाला विशेष जपा

खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. बाजारात 850 किंवा 870 ग्रॅमच्या पिशव्याही मिळतात, दिसायला लिटरच्या पिशवीसारख्याच. लोक ‘1 litre oil’ शोधतात म्हणून अशा पिशवीच्या शीर्षकात किंवा कीवर्डमध्ये ‘1 L’ लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. ती गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे. पिशवीवर मिली आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात, तेच आकडे जसेच्या तसे उतरवा.

जोडपॅकमध्ये ‘1 kg’ लिहून दोन अर्धा किलोची पाकिटं पाठवू नका. ‘2 x 500 g’ लिहा.

पैसे कुठे झिरपतात

सगळ्यात जास्त जाहिरातीत. ‘poha 1 kg’ या शब्दांवर बोली लावलीत आणि तुमच्याकडे अर्धा किलोच आहे, तर क्लिकचे पैसे कापले जातात आणि गिऱ्हाईक वजन पाहून परत फिरतं. क्लिकला 5 रुपये पडतात असं धरा. 48 रुपयांच्या पाकिटावर चार वाया गेलेले क्लिक म्हणजे 20 रुपये, आणि कमिशन अजून कापायचंच आहे. शीर्षक, रकाना आणि कीवर्ड दुरुस्त झाल्याशिवाय जाहिरात सुरू करू नका.

दुसरी गळती कॅटलॉग करून देणाऱ्यांची. दर वस्तूमागे आहे की महिन्याचा, नंतरच्या दुरुस्तीचे पैसे पडतील का, आणि लॉगिन कोणाच्या मोबाइल नंबरवर राहील, हे तीन प्रश्न आधी विचारा. लॉगिन तुमच्याच नंबरवर ठेवा. ओटीपी कोणालाही देऊ नका.

वजन बदललं तर

पाकीट 500 वरून 450 ग्रॅमचं केलंत, तर जुन्याच नोंदीतला आकडा खोडून नवा घालणं सोपं वाटतं, आधीचे चांगले अभिप्रायही टिकतात. तरी नवी नोंद करा. जुन्या नोंदीखालचे अभिप्राय 500 ग्रॅमच्या पाकिटाचे असतात, फोटो अनेकदा जुनाच राहतो आणि पन्नास ग्रॅम कमी मिळालेलं गिऱ्हाईक परतावा मागतं. जुना साठा संपेपर्यंत दोन्ही नोंदी चालू ठेवा, प्रत्येकीला तिचाच फोटो आणि तिचीच एमआरपी लावा. प्रति ग्रॅम किंमतही नव्याने काढा: 48 रुपयांना 450 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला 0.11 रुपये. जुना माल संपला की जुनी नोंद बंद करा.