प्रबंधाचा सारांश आणि विषयाबाहेरचा परीक्षक

पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेला प्रबंध विद्यापीठाकडे सादर होतो, तेव्हा त्याच्यासोबत काही पानांचा सारांशही जोडलेला असतो. परीक्षकांपैकी एखादा अभ्यासकाच्या विषयातला नसतो. ग्रामीण अर्थशास्त्राचा प्रबंध संख्याशास्त्राच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे जाऊ शकतो. विषयातील तज्ज्ञ अपुऱ्या वाक्यातील उणीव स्वतःच्या माहितीने भरून काढतो. बाहेरच्या परीक्षकाला ते शक्य नसते. त्याला विषयाची खोली तपासता येत नाही. परंतु प्रश्न कोणता विचारला, त्यासाठी नेमके काय मोजले आणि मोजलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष निघतो की नाही, ही साखळी तो अचूक तपासू शकतो. म्हणून सारांशाची खरी कसोटी या साखळीत आहे आणि तिचा सर्वांत नाजूक दुवा म्हणजे मोजणीचे एकक.

हा मुद्दा पुणे जिल्ह्यातीलच एका प्रसिद्ध अभ्यासावरून स्पष्ट होतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची जमीन, मजुरी आणि कुटुंबांची सांपत्तिक स्थिती यांची बारकाईने पाहणी केली. ती १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ पदवीसाठी लिहिलेला प्रबंध नव्हे. तथापि उद्दिष्ट, पद्धती आणि निष्कर्ष हे तिन्ही घटक त्यात स्पष्टपणे वेगळे करता येतात, त्यामुळे सारांशलेखनाच्या अभ्यासासाठी तो उपयुक्त आहे.

उद्दिष्ट : विषय नव्हे, प्रश्न

अनेक सारांशांची सुरुवात अशा वाक्याने होते : "प्रस्तुत प्रबंधात दख्खनमधील भूधारणेच्या विखंडनाचे सूक्ष्म आर्थिक विश्लेषण केले आहे." हे वाक्य चुकीचे नाही, पण त्यातून विषय कळतो, प्रश्न कळत नाही. बाहेरच्या परीक्षकाला "विखंडन" म्हणजे खात्याचा आकार लहान होणे, की एकाच खात्याची जमीन वेगवेगळ्या ठिकाणी विखुरणे, याचाही बोध होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस एकरांचा खातेदार दहा ठिकाणी विखुरलेली जमीन कसत असू शकतो आणि दोन एकरांच्या खातेदाराची जमीन एकाच ठिकाणी असू शकते.

पिंपळे सौदागरच्या अभ्यासाचे उद्दिष्ट प्रश्नरूपाने असे मांडता येईल : या गावातील किती कुटुंबांचा निर्वाह त्यांच्या जमिनीवर होऊ शकतो, आणि ज्यांचा होत नाही ते कशावर जगतात? या वाक्यात एकही पारिभाषिक शब्द नाही. शिवाय उत्तर कोणत्या स्वरूपाचे असेल हेही त्यातूनच समजते. "किती कुटुंबे" असे विचारल्यावर शेवटी कुटुंबांची संख्या आली पाहिजे, एकरांची नव्हे.

पद्धती : काय मोजले, कोठून मोजले

या पाहणीत तीन निरनिराळी एकके आढळतात. पहिले खाते, दुसरे जमिनीचा तुकडा आणि तिसरे कुटुंब. पाहणीच्या वेळी गावात १५६ खातेदारांकडे मिळून सातशेहून अधिक तुकडे होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान होते. खात्याचे सरासरी क्षेत्र सुमारे ७ एकर होते. भागाकार केला असता प्रत्येक खातेदाराच्या वाट्याला सरासरी साडेचारांहून थोडे अधिक तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला सुमारे दीड एकर क्षेत्र येते. असा साधा हिशोब सारांशात दिल्यास बाहेरच्या परीक्षकाला गावाचे चित्र डोळ्यांपुढे उभे करता येते आणि आकडे परस्परांशी जुळतात की नाही हेही पडताळता येते.

परंतु याच ठिकाणी सरासरीचा धोकाही सांगितला पाहिजे. खात्याची सरासरी ७ एकर असली, तरी ८१ टक्के खाती १० एकरांहून लहान आणि ६० टक्के ५ एकरांहून लहान होती. म्हणजे "सरासरी खातेदार" असा माणूस गावात फारसा आढळत नव्हता. थोड्या मोठ्या खात्यांमुळे सरासरी वर ओढली गेली होती. सारांशात केवळ ७ एकरांचा आकडा दिला, तर परीक्षकाच्या मनात मध्यम स्थितीतील गावाचे चुकीचे चित्र तयार होते.

निष्कर्ष : मोजले तेवढेच

पाहणीतील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष कुटुंबांविषयी आहे. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह जमिनीवर नीट होत होता. २८ कुटुंबे जमीन आणि बाहेरील मजुरी यांच्या जोरावर सावरलेली होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचा, म्हणजे शेकडा ६५ कुटुंबांचा, जमीन आणि मजुरी मिळूनही मेळ बसत नव्हता. गावातील अनेकांना जवळच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम मिळत होते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

आता एकाच सारांशात "८१ टक्के" आणि "६५ टक्के" असे दोन आकडे जवळजवळ आले, तर विषयाबाहेरचा वाचक ते एकमेकांशी ताडून पाहणारच. पहिला आकडा खात्यांचा आहे, दुसरा कुटुंबांचा. पहिल्यात केवळ क्षेत्र पाहिले आहे, दुसऱ्यात मजुरीसह सर्व मिळकत आणि खर्च पाहिला आहे. "खात्यांपैकी" आणि "कुटुंबांपैकी" हे दोन शब्द गाळले, तर निष्कर्षात विसंगती असल्याचा भास होतो आणि मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

दुसरी चूक कारणांविषयी संभवते. जुन्या कागदपत्रांच्या आधारे मॅन यांनी खात्याचे सरासरी क्षेत्र दाखविले : १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. एवढे आकडे पाहून "इंग्रजी राजवटीमुळे खाती लहान झाली" असे वाक्य सहज लिहिले जाते. मात्र एकूण ३३ एकरांच्या घटीपैकी साडेबावीस एकरांची घट १८१८ पर्यंतच, म्हणजे पेशवाईच्या अखेरीपर्यंत, झालेली आहे. नंतरच्या काळात सरासरी आणखी घटून निम्म्याहूनही खाली आली हे खरे. पण संपूर्ण घसरणीचे एकच कारण या चार आकड्यांतून सिद्ध होत नाही. घट झाली हा निष्कर्ष. ती का झाली हे अनुमान. सारांशात या दोहोंची वाक्ये वेगळी असावीत.

मर्यादा : निष्कर्ष कोठे लागू नाही

पिंपळे सौदागर पुण्याला आणि खडकीला जवळ असल्यामुळे तेथील मजुरीची स्थिती सर्व गावांना लागू होईल असे म्हणता येत नव्हते. मॅन यांनी पुढे ना. वि. कानिटकर यांच्या साहाय्याने शहरापासून दूरच्या जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणी केली. ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे आर्थिकदृष्ट्या न सावरलेल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आढळले. पहिल्या गावाची मर्यादा दुसऱ्या गावाने उघड केली. प्रबंधकाराला दुसरे गाव घेणे बहुधा शक्य नसते; परंतु आपले गाव कोणत्या बाबतीत इतर गावांहून वेगळे आहे, हे एका वाक्यात लिहिणे नेहमीच शक्य असते.

उरवडे येथे असाच प्रश्न घेतल्यास

मुळशी तालुक्यातील उरवडे हे गाव पिरंगुटच्या औद्योगिक परिसराला लागून आहे. शेती आणि कारखान्यातील मजुरी यांचा संबंध तेथेही अभ्यासण्याजोगा आहे. उदाहरणादाखल एखाद्या शिक्षकाने असा प्रबंध हाती घेतला अशी कल्पना करू. उद्दिष्ट तेच राहील : किती कुटुंबांचा निर्वाह जमिनीवर, किती कुटुंबांचा मजुरीवर आणि किती कुटुंबांचा दोहोंवर होतो?

येथे एककाची अडचण लगेच पुढे येते. तलाठ्याकडील आठ-अ च्या उताऱ्यावरून खातेदारांची यादी मिळते. परंतु खाते म्हणजे कुटुंब नव्हे. एका सामाईक खात्यावर तीन भावांची नावे असतात आणि प्रत्यक्षात तिघांच्या चुली वेगळ्या असतात. उलट एकाच घरातील पती आणि पत्नी यांची दोन खाती असू शकतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकड्यांच्या वाटणीवर निर्बंध आले; त्यामुळे भावाभावांत तोंडी झालेली वाटणी सात-बाराच्या उताऱ्यावर दिसेलच असे नाही. केवळ उतारे मोजणाऱ्या अभ्यासकाला खाती मोठी दिसतील आणि प्रत्यक्ष वहिवाट मात्र लहान असेल.

आठ-अ वरून कुटुंबे निवडली, तर भूमिहीन कुटुंबे यादीतून आपोआप वगळली जातात. अशा अभ्यासाचा निष्कर्ष "गावातील कुटुंबे" या शब्दांनी लिहिणे चूक ठरेल. "गावातील जमीनधारक कुटुंबे" असेच लिहावे लागेल. हा दोष ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे निवडलेली यादी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या आकारणी यादीशी ताडून पाहणे. दोन्ही याद्यांत न जुळणारी घरे किती आणि कोणती, हे सारांशात एका ओळीत नमूद करावे. तसेच मजुरीविषयी प्रश्न कोणत्या महिन्यांत विचारले, हेही सांगावे. भातलावणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यात मिळणारी उत्तरे सारखी नसतात. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत एका महिन्याच्या मजुरीवरून वर्षाचा अंदाज काढणे धोक्याचे असते.

सारांशाचा नमुना

वरील विवेचन ध्यानात घेऊन पिंपळे सौदागरच्या पाहणीचा सारांश पुढीलप्रमाणे होऊ शकतो :

"या गावातील किती कुटुंबांचा निर्वाह जमिनीवर होऊ शकतो, हे पाहण्याचा हेतू होता. त्यासाठी खात्यांचे क्षेत्र, तुकड्यांची संख्या आणि १०३ कुटुंबांची मिळकत व खर्च तपासला. केवळ जमिनीवर ८ कुटुंबे आणि जमीन व मजुरी मिळून २८ कुटुंबे निर्वाह करू शकत होती. ६७ कुटुंबे करू शकत नव्हती. जुन्या नोंदींनुसार खात्यांचे सरासरी क्षेत्र १७७१ पासून सतत घटले आहे. या घटीचे एकच कारण या माहितीवरून ठरत नाही. गाव शहराजवळ असल्याने मजुरीविषयीचे निष्कर्ष दूरच्या गावांना लागू करू नयेत."

सादर करण्यापूर्वी असा सारांश शेवटच्या वाक्यापासून उलट वाचून पाहावा. प्रत्येक निष्कर्षातील नाम (खाते, तुकडा की कुटुंब) हाताने अधोरेखित करावे आणि तेच नाम पद्धतीच्या आणि उद्दिष्टाच्या वाक्यांत सापडते का ते पाहावे. निष्कर्षात कुटुंब आहे आणि पद्धतीत केवळ उतारे आहेत असे आढळल्यास दोष भाषेचा नाही, अभ्यासाचा आहे. तो परीक्षकाच्या हाती पडण्यापूर्वी प्रबंधातच दुरुस्त केला पाहिजे. अथवा जे मोजले तेवढ्यापुरताच निष्कर्ष आखडता घेतला पाहिजे.