दोन बिंदू, चार ताळे

शालान्त परीक्षेच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आणि ‘वर्गसमीकरणे’ ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी येतात. पहिल्यात चले दोन असतात, पण वर्ग कशाचाच नसतो; दुसऱ्यात वर्ग असतो, पण चल एकच असते. या दोहोंच्या सीमेवर एक तिसरा प्रकार आहे. त्यात समीकरणे दोन, चलेही दोन, परंतु एक समीकरण रेषीय आणि दुसरे वर्गाचे. शाब्दिक उदाहरणांतून तो वारंवार डोकावतो. मात्र त्याचा ताळा कसा पाहावा याविषयी विद्यार्थ्यांच्या मनात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ पालकांच्याही मनात, संदिग्धता असते. प्रस्तुत लेखात त्या ताळ्याचाच विचार करावयाचा आहे.

उदाहरण आपल्याच प्रदेशातले घेऊ. कल्याणहून मनमाडमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव लागते. तेथून जवळच सह्याद्रीच्या सातमाळा रांगेच्या पायथ्याशी पाटण हे स्थान आहे. इ. स. १२०७ च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, असे तेथील शिलालेख सांगतो. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. ज्या ग्रंथांसाठी हा मठ उभा राहिला, त्यांपैकी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या दोहोंतील गणिते आपल्या कामाची आहेत. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा आणि ही रचना त्यांच्या छत्तिसाव्या वर्षाची, म्हणजे ११५० ची.

‘लीलावती’त एक लहानसे उदाहरण आहे. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३ आहे आणि काटकोन करणाऱ्या दोन बाजूंमध्ये ७ चा फरक आहे, तर त्या बाजू किती? लहान बाजू x आणि मोठी y मानली, तर आजच्या भाषेत दोन समीकरणे मिळतात.

y = x + ७ …(१)
x² + y² = १६९ …(२)

पहिल्या समीकरणाचा आलेख सरळ रेषा आहे. दुसऱ्याचा आलेख आरंभबिंदू केंद्र असलेले, १३ त्रिज्येचे वर्तुळ आहे. रेषा वर्तुळाला जिथे छेदते, ते बिंदू म्हणजे या जोडीच्या उकली.

आता (१) मधील y ची किंमत (२) मध्ये ठेवायची. उलट केले, म्हणजे (२) मधून y काढून (१) मध्ये ठेवला, तर वर्गमूळ येते, त्याच्याबरोबर धन-ऋण अशी दोन चिन्हे येतात आणि काम विनाकारण वाढते. म्हणून रेषीय समीकरणातून एक चल मोकळे करावे आणि वर्गाच्या समीकरणात भरावे.

x² + (x + ७)² = १६९
x² + x² + १४x + ४९ = १६९
२x² + १४x − १२० = ०
x² + ७x − ६० = ०
(x + १२)(x − ५) = ०

म्हणून x = ५ किंवा x = −१२. येथे थांबून चालत नाही, कारण उकल ही जोडी असते. प्रत्येक x साठी y काढायचा आणि तोही रेषीय समीकरणातूनच काढायचा. x = ५ असता y = १२; x = −१२ असता y = −५. बिंदू मिळाले ते (५, १२) आणि (−१२, −५).

मग ताळा. बिंदू दोन आणि समीकरणे दोन, म्हणून ताळे चार. (५, १२) साठी (१) मध्ये ५ + ७ = १२ आणि (२) मध्ये २५ + १४४ = १६९. (−१२, −५) साठी (१) मध्ये −१२ + ७ = −५ आणि (२) मध्ये १४४ + २५ = १६९. चारही जुळले.

एवढे चार ताळे कशासाठी, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. एकाच समीकरणात पाहिले तर काय बिघडते? काय बिघडते ते चुकलेल्या वह्यांतच दिसते.

एक विद्यार्थी अवयव पाडताना चिन्हांची अदलाबदल करतो आणि (x − १२)(x + ५) लिहितो. त्याला x = १२ व x = −५ मिळतात. रेषीय समीकरणातून तो y काढतो आणि (१२, १९) व (−५, २) हे बिंदू लिहितो. ताळ्यासाठी तो पुन्हा रेषीय समीकरणाकडेच वळतो. १२ + ७ = १९, बरोबर; −५ + ७ = २, तेही बरोबर. तो निर्धास्त होतो. वस्तुतः y त्याच समीकरणातून काढलेला असल्यामुळे तो तेथे जुळणारच होता. X कितीही चुकला असता तरी जुळला असता. वर्तुळाच्या समीकरणात मात्र १४४ + ३६१ = ५०५ आणि २५ + ४ = २९ येतात. १६९ चा पत्ताच नाही.

दुसरा विद्यार्थी अवयव अचूक पाडतो, पण x = −१२ घेऊन y काढताना ऋण चिन्ह विसरतो आणि (−१२, ५) लिहितो. हा ताळा पाहतो तो वर्तुळात. १४४ + २५ = १६९, उत्तम! वर्ग केला की चिन्ह नाहीसे होते, म्हणून वर्गाच्या समीकरणाला ही चूक दिसतच नाही. ती फक्त रेषेला दिसते, कारण −१२ + ७ म्हणजे −५, ५ नव्हे. x मिळाल्यावर y रेषेऐवजी वर्तुळातून काढणाऱ्याचीही गत हीच होते. त्याला (५, १२), (५, −१२), (−१२, ५), (−१२, −५) असे चार बिंदू मिळतात. चारही वर्तुळावर आहेत, पण रेषेवर त्यांतले दोनच. आणि सरळ रेषा वर्तुळाला दोहोंहून अधिक ठिकाणी छेदूच शकत नाही, हे आठवले तर ताळ्याआधीच शंका यायला हवी.

याच दुसऱ्या विद्यार्थ्याने (५, १२) हा एकच बिंदू तपासला असता, तर तो दोन्ही समीकरणांत जुळला असता. पहिला बिंदू खरा ठरला म्हणून दुसरा खरा ठरत नाही. दोघांची आकडेमोड वेगळी झालेली असते.

तिसरी चूक अधिक फसवी आहे. (x + ७)² चा विस्तार करताना मधले १४x हे पद गळते आणि x² = ६० उरते. विद्यार्थी x = √६० लिहितो आणि ताळा x² = ६० याच ओळीत पाहतो. जुळणारच. ताळा नेहमी मूळ समीकरणांत पाहायचा, स्वतः तयार केलेल्या मधल्या ओळीत नव्हे. √६० म्हणजे सुमारे ७.७५, मग y सुमारे १४.७५ आणि दोघांच्या वर्गांची बेरीज १६९ ऐवजी २७७ च्या आसपास जाते.

आता (−१२, −५) या बिंदूकडे परत येऊ. चारही ताळे जुळले, म्हणजे तो छेदनबिंदू आहे यात शंका नाही. पण त्रिकोणाची बाजू −१२ कशी असेल? आलेखात हा बिंदू तिसऱ्या चरणात, रेषेच्या खालच्या टोकाशी दिसतो. समीकरणांना बाजूंची लांबी धन असते हे ठाऊक नाही. ते आपण त्यांना सांगितलेलेच नव्हते. म्हणून समीकरणांच्या उकली दोन, पण त्रिकोणाचे उत्तर ५ आणि १२ एवढेच. भास्कराचार्यांच्या रीतीत हा दुसरा बिंदू दिसतच नाही. ते कर्णाच्या वर्गाची दुप्पट करून तीतून फरकाचा वर्ग वजा करतात. ३३८ − ४९ = २८९; त्याचे मूळ १७ ही बाजूंची बेरीज. बेरीज १७ आणि फरक ७, म्हणून बाजू १२ आणि ५. (आपल्या x² + ७x − ६० = ० चा विवेचकही ४९ + २४० = २८९ च आहे, हे जाता जाता पाहून ठेवावे.) २८९ चे दुसरे मूळ −१७ घेतले की बेरीज ऋण होते आणि आपला तिसऱ्या चरणातील बिंदू मिळतो.

दुसरी उकल ठेवायची की टाकायची, हा प्रश्न भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांच्या दोन उदाहरणांतून उघडपणे हाताळला आहे. पहिल्यात वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेले १२ डोंगरावर आहेत. कळप x आणि त्याचा आठवा भाग y मानला, तर x = ८y आणि x = y² + १२. किंमत ठेवून y² − ८y + १२ = ०, म्हणून y = २ किंवा ६. बिंदू (१६, २) आणि (४८, ६). ताळे: ८ × २ = १६ व ४ + १२ = १६; ८ × ६ = ४८ व ३६ + १२ = ४८. कळप १६ चा असू शकतो, तसाच ४८ चाही. आचार्यांनी दोन्ही उत्तरे मान्य केली आहेत.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत शिरला आहे आणि एकच वानर बाहेर दिसतो. येथे y = x/५ − ३, म्हणजे x = ५y + १५, आणि x = y² + १. किंमत ठेवून y² − ५y − १४ = ०, अर्थात (y − ७)(y + २) = ०. बिंदू (५०, ७) आणि (५, −२). पहिल्याचे ताळे: ३५ + १५ = ५० व ४९ + १ = ५०. दुसऱ्याचे: −१० + १५ = ५ व ४ + १ = ५. चारही पुन्हा जुळले, आणि या वेळी कळपाची संख्या ५ हीदेखील धनच आहे. केवळ x कडे पाहणारा ती बिनदिक्कत स्वीकारील. परंतु पाचांचा पाचवा भाग १. त्यातून ३ वानर कसे वजा करणार? −२ वानर कोणी पाहिलेले नाहीत. त्यांचा वर्ग ४ होऊन समीकरण जुळले, तरी गोष्ट जुळत नाही. भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर येथे घेऊ नये असे म्हटले आहे. प्रत्यक्ष मोजायची राशी ऋण झाली तर लोकांना ते पटत नाही, असे कारण त्यांनी दिले आहे. म्हणून चार ताळ्यांनंतर x आणि y हे दोन्ही आकडे पुन्हा मूळ शाब्दिक उदाहरणात नेऊन वाचावे लागतात.

‘लीलावती’तील आणखी एक उदाहरण वाचकांनी स्वतः सोडवून पाहावे. कर्ण १७ आणि दोन बाजूंची बेरीज २३. y = २३ − x ही किंमत x² + y² = २८९ मध्ये ठेवली की x² − २३x + १२० = ० मिळते. छेदनबिंदू (८, १५) आणि (१५, ८) येतात. दोन्ही पहिल्या चरणात आहेत, चारही ताळे जुळतात आणि बाजूही धन आहेत. पण कागदावर काढून पाहिले तर त्रिकोण एकच निघतो, फक्त पाया आणि उंची यांची नावे बदलतात.